फॅटच्या चौकटीतला ६.8

सपोर्टकडून आलेलं तिकीट एका ओळीचं होतं : 'एंट्री दुरुस्त करताना ॲप बंद पडतं, अर्जंट.' खाली फोनचं मॉडेल, अँड्रॉइड १२, रॅम ४ जीबी, आणि लॉगची एक फाईल जोडलेली. डेव्हलपरनं ते उघडलं, स्वतःच्या फोनवर दोन-चार एंट्र्या दुरुस्त करून बघितल्या, काही झालं नाही. मग 'रीप्रोड्यूस होत नाही, मशीनकडून खराब डेटा आला असावा' असं लिहून त्यानं तिकीट बंद केलं. त्याला दोष देण्यासारखं त्यात फारसं नव्हतं. लॉगमधली कामाची ओळ अशी दिसत होती :

```
java.lang.NumberFormatException: For input string: "αÑ¼.8"
```

ग्रीक अल्फा, डोक्यावर नागमोडी रेघ असलेला एन, पाव, टिंब आणि आठ. दूध संस्थेत फॅट मशीन ब्लूटूथनं फोनला जोडलेलं असतं. मशीनचा आणि ब्लूटूथच्या डबीचा वेग जुळला नाही की असला कचरा येतो, हे आमच्या ऑफिसात प्रत्येकानं कधी ना कधी पाहिलेलं आहे. त्यामुळे सगळ्यांना ते पटलंही.

आम्ही राजारामपुरीत बसून गावोगावच्या दूध संस्थांसाठी संकलनाचं ॲप करतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या वाचकाला हे सांगायची गरज नाही, पण बाहेरच्यांसाठी थोडक्यात : सकाळ-संध्याकाळ सभासद किटली घेऊन येतात. सभासद नंबर, गाय की म्हैस, लिटर, फॅट आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक, एवढं ॲपमध्ये भरलं की दरपत्रकावरून दर लागतो, आणि दर दहा दिवसांनी बिल निघतं. नमुन्याच्या बाटल्यांची अदलाबदल झाली किंवा सभासदानं 'माझी फॅट परत लावा' म्हणून धरलं, तर झालेली नोंद उघडून फॅट दुरुस्त करावी लागते. ॲप पडत होतं ते नेमकं इथे. पैशाची जागा असल्यामुळे संस्थेचा पुन्हा फोन आला, आणि तिकीट माझ्याकडे आलं.

मी आधी संस्थेच्या सचिवांना फोन लावला. भोगावतीकाठचं गाव, माणूस वयानं मोठा, सगळे आण्णाच म्हणतात.

"आण्णा, दर वेळी बंद पडतंय का?"

"न्हाई हो ताई, कवा कवा. काल दोनदा पडलं, आनि मग तीच एंट्री नीट बसली की. तुमचं ॲप मूडवर चालतंय बगा."

'कधी कधी' हे उत्तर टेस्टरला सगळ्यात नकोसं असतं. ॲपला मूड नसतो. 'कधी कधी'चा अर्थ एवढाच, की दोन वेळा केलेल्या कृतीत काहीतरी फरक होता आणि करणाऱ्याला तो फरक वाटलेला नाही. फोनवर कितीही विचारलं तरी तो सापडत नाही, कारण माणूस आपण काय केलं ते सांगताना आपल्याला काय करायचं होतं ते सांगतो. 'फॅट बदलली आणि सेव्ह केलं' यात कर्सर कुठे होता, किती वेळा पुसलं, हे येत नाही. म्हणून लॅपटॉप आणि केबल घेऊन संध्याकाळच्या संकलनाला गेले.

आण्णांच्या फोनचा लॉग काढायचा तर आधी डेव्हलपर ऑप्शन्स उघडावे लागतात. सेटिंगमध्ये 'फोनबद्दल' आणि तिथे बिल्ड नंबरवर ७ वेळा टॅप. त्यानंतर यूएसबी डीबगिंग सुरू. रोजच्या सवयीचं काम, पण त्या दिवशी मला तो मेनूच पटकन सापडेना. सगळी सेटिंग मराठीत होती. आमच्या ऑफिसातले टेस्टचे झाडून सगळे फोन इंग्रजीत असतात, त्यामुळे हात यांत्रिकपणे ज्या शब्दांकडे जातात ते शब्दच तिथे नव्हते. तेव्हा मी नुसती चडफडले. त्याचा उपयोग नंतर झाला. आण्णांची वेगळीच काळजी : "बँकेचं ॲप हाय बरं का त्यात." त्यांना सांगितलं, फक्त आपल्या क्रॅशचा तुकडा घेते आणि जाताना डीबगिंग बंद करून देते. `adb bugreport` नावाची आज्ञा आख्ख्या फोनचा पसारा एका झिपमध्ये बांधून देते. तसली फाईल दुसऱ्याच्या वापरातल्या फोनवरून घ्यायची नाही, असा माझा नियम आहे. अशा क्रॅशला तिची गरजही नसते.

मग त्यांना म्हटलं, आता तुम्ही नेहमी करता तसंच करा, मी नुसती बघते. त्यांनी १४ नंबरच्या सभासदाची म्हशीच्या दुधाची नोंद उघडली. लिटर 4.5, फॅट साडेसहा. ती ६.८ करायची होती. त्यांनी फॅटच्या चौकटीत शेवटी बोट टेकवलं, एकदा मागे पुसलं, आठ दाबलं, जतन करा. ॲप गेलं, फोनचा मुख्य पडदा समोर. परत उघडून तीच नोंद काढली. या वेळी त्यांनी चौकट पूर्ण पुसली आणि 6.8 नव्यानं लिहिलं. बसली.

"बगा. मी म्हनलं न्हवतं?"

फरक तिथेच होता. मी नोंद तिसऱ्यांदा उघडायला लावली आणि काही न करता स्क्रीनशॉट घेतला. लिटरच्या चौकटीत 4.5, एसएनएफच्या चौकटीत 9.0, आणि दोघांच्या मधल्या फॅटच्या चौकटीत ६.८. एकाच पडद्यावर दोन तऱ्हेचे आकडे. आण्णांना त्यात काही खटकलं नव्हतं, आणि खटकावं तरी का? आपण दोन्ही आकडे सारख्याच सहजतेनं वाचतो. एसटीच्या पाटीवर एक, तिकिटावर दुसरा.

आता लॉग. अँड्रॉइडमध्ये लॉगची जागा ठरावीक असते आणि नवं येईल तसं जुनं पुसलं जातं. त्यामुळे सकाळी पडलेल्या ॲपचा लॉग संध्याकाळी मुख्य लॉगमध्ये सापडेल याची खात्री नसते. क्रॅशसाठी मात्र वेगळा कप्पा असतो, त्यात फक्त क्रॅशच जातात म्हणून तो लवकर भरत नाही. तेवढाच मागायचा :

```
adb logcat -b crash -d > crash.txt
```

हीच आज्ञा सपोर्टच्या पोरानंही दिली होती. त्यानं ती पॉवरशेलमध्ये दिली, मी जुन्या काळ्या सीएमडीच्या खिडकीत दिली, आणि माझ्या फाईलमध्ये ती ओळ अशी आली :

```
FATAL EXCEPTION: main
java.lang.NumberFormatException: For input string: "६.8"
    at sun.misc.FloatingDecimal.readJavaFormatString
    at sun.misc.FloatingDecimal.parseDouble
    at java.lang.Double.parseDouble
```

अल्फा, एन आणि पाव कुठून आले होते, ते मी रात्री घरी बसून जुळवलं. देवनागरी ६ हा यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचा असतो : E0, A5, AC. विंडोजसोबत येणारं पॉवरशेल ५.१ दुसऱ्या प्रोग्रॅमकडून आलेला मजकूर फाईलमध्ये टाकण्याआधी कन्सोलच्या जुन्या कोडपेजनं वाचतं. त्या पोराच्या लॅपटॉपवर ते कोडपेज ४३७ होतं, आणि ४३७ मध्ये E0 म्हणजे α, A5 म्हणजे Ñ, AC म्हणजे ¼. तीन बाइटचा एक आकडा, त्याची तीन अक्षरं झाली. सीएमडी बिचारं काही वाचत-बिचत नाही, बाइट जसेच्या तसे फाईलमध्ये ओततं. म्हणजे मशीननं कचरा पाठवलाच नव्हता. कचरा लॉग काढताना झाला होता, आणि त्यावरून निघालेला निष्कर्ष तिकिटावर शिक्कामोर्तब होऊन बसला होता. तेव्हापासून आमच्याकडे लॉग फाईल म्हणून जोडायचा आणि त्यासोबत फोनच्या पडद्याचा फोटोही द्यायचा, असं ठरलं आहे. दोन्हींत एकच गोष्ट वेगळी दिसली की कुठेतरी मध्ये भाषांतर बिघडलंय हे कळतं.

"६.8" मधला ६ ॲपनं टाकलेला आणि 8 आण्णांनी टाकलेला. एवढं उघड झालं. दशांशाच्या चौकटीत कीबोर्डवरून 0 ते 9 आणि टिंब एवढंच जातं, म्हणजे देवनागरी ६ माणसानं टाईप करणं शक्यच नव्हतं. प्रश्न राहिला, ॲप देवनागरी आकडा टाकतं ते कधी.

इथे एमुलेटर कामाला येतो, कारण एका वेळी एकच गोष्ट बदलता येते. अँड्रॉइड १२ चा एमुलेटर, आमचाच टेस्ट बिल्ड. ॲपमध्ये स्वतःची भाषेची निवड आहे. ती मराठी केली, फोन इंग्रजीत ठेवला : पडत नाही. डेव्हलपरनं नेमकं हेच तपासलं होतं. ॲपची भाषा इंग्रजी, फोनची मराठी : पडलं. दोन्ही मराठी : पडलं. म्हणजे ॲपमधली निवड नुसती बटणांवरची अक्षरं बदलते, आकड्यांचा कारभार फोनच्या भाषेवर चालतो. मग सहज म्हणून फोन हिंदीत केला. माझी अपेक्षा होती की लिपी तीच, म्हणजे पडणार. पडलं नाही. फॅटच्या चौकटीत 6.5 दिसत होता.

हा हिंदीचा धागा मी सोडला असता तर रिपोर्ट अर्धाच राहिला असता. अँड्रॉइड आकडे कसे दाखवायचे ते युनिकोडच्या सीएलडीआर नावाच्या भांडारातून घेतं. त्यात प्रत्येक भाषेचे नेहमीचे आकडे कोणते ते ठरलेलं असतं. हिंदीसाठी तिथे 0 ते 9 आहेत, मराठीसाठी ० ते ९. नेपाळीसाठीही ० ते ९. लिपी एक असली तरी ठराव वेगळे. म्हणजे 'भारतीय भाषांत चालतं का' हे हिंदी लावून तपासणाऱ्याला हा क्रॅश जन्मात दिसणार नाही. बहुतेक टीम तसंच तपासतात.

फोनची भाषा काय आहे, हे सेटिंगमध्ये न शिरता असं विचारता येतं :

```
adb shell getprop persist.sys.locale
```

उत्तर आलं, `mr-IN`. मूळ तिकिटात मॉडेल होतं, रॅम होती, स्क्रीनचा आकारसुद्धा होता. या क्रॅशशी त्यातल्या एकाचाही संबंध नव्हता. ज्या एका गोष्टीवर सगळं ठरत होतं तिच्यासाठी तिकिटाच्या साच्यात रकानाच नव्हता.

मग मी जुनं तिकीट परत न उघडता नवीन लिहिलं. जुन्याच्या माथ्यावर 'मशीनचा खराब डेटा' लागलेला, तो वाचून माणूस पुढे वाचत नाही. रिपोर्ट साधारण असा होता :

> शीर्षक : फोनची भाषा मराठी असताना जुन्या नोंदीची फॅट न पुसता जतन केली की ॲप बंद पडतं (NumberFormatException)
>
> कुठे : ॲप २.७, अँड्रॉइड १२, फोनची भाषा mr-IN. संस्थेचा फोन आणि एमुलेटर, दोन्हींवर. ॲप २.६ मध्ये होत नाही.
>
> आधी हवं : फोनची भाषा मराठी. ॲपची भाषा कोणतीही. फॅट मशीन जोडलेलं नसलं तरी चालेल.
>
> कृती :
> १. नवी नोंद करा : सभासद 14, म्हैस, लिटर 4.5, फॅट 6.5, एसएनएफ 9.0. जतन करा. (इथे पडत नाही.)
> २. यादीतून तीच नोंद दुरुस्तीसाठी उघडा. फॅटच्या चौकटीत ६.५ दिसेल.
> ३. काहीही न बदलता 'जतन करा' दाबा.
>
> काय होतं : दर वेळी ॲप बंद पडतं. नोंद जुनीच राहते.
>
> काय व्हायला हवं : चौकटीत 6.5 दिसावं. 6.8 करून जतन केल्यावर यादीत फॅट 6.8 दिसावी, आणि दर व रक्कम दरपत्रकातल्या म्हैस 6.8 / 9.0 या ओळीप्रमाणे बदललेली असावी.
>
> कधी होत नाही : फोन इंग्रजी किंवा हिंदीत असेल तर. मराठीतही फॅटची चौकट पूर्ण पुसून नव्यानं लिहिली तर.
>
> सोबत : crash.txt (सीएमडीतून काढलेली), दुरुस्तीच्या पडद्याचा स्क्रीनशॉट, तिन्ही भाषांचा छोटा व्हिडिओ.

तिसऱ्या कृतीबद्दल एक सांगते. आण्णा एक अक्षर पुसून आठ टाकत होते, पण पडण्यासाठी त्याची गरज नव्हती. नोंद उघडून तशीच जतन केली तरी पडतं. म्हणून ते काढून टाकलं. कृती जितकी आखूड, तितकं डेव्हलपरला शोधायचं रान कमी. पहिल्या कृतीपुढचा 'इथे पडत नाही' हा कंस मात्र मुद्दाम ठेवला, कारण तोच सांगतो की आकडे वाचणं मुळात ठीक आहे, दुरुस्तीच्या पडद्यावर काहीतरी वेगळं घडतं.

'ॲप २.६ मध्ये होत नाही' ही ओळ लिहायला जुनी एपीके शोधून बसवावी लागली, पण डेव्हलपरचं अर्धं काम तिनं केलं. दोन आवृत्त्यांमध्ये त्या फाईलमध्ये काय बदललं एवढंच बघायचं उरलं. आवृत्तीचा आकडा आणखी एका कारणासाठी लागतो. प्ले स्टोअरवरच्या बिल्डमध्ये आमच्या क्लासची नावं आखडून एका-दोन अक्षरांची केलेली असतात. ती परत ओळखायची किल्ली म्हणजे mapping.txt, आणि प्रत्येक बिल्डची किल्ली वेगळी. आण्णांच्या फोनवरच्या लॉगमध्ये आमच्या फाईलचं नाव म्हणूनच वाचता येत नव्हतं. एमुलेटरवरच्या टेस्ट बिल्डमध्ये नावं आखडलेली नसतात, तिथे ते सरळ दिसलं : दुरुस्तीच्या पडद्याचं saveEntry.

डेव्हलपर रिपोर्ट वाचून माझ्या टेबलाशी आला तो पटलेला नव्हताच.

"अगं, देवनागरी आकड्यानं पडत असतं तर सभासद नंबरलाच पडायला हवं. तो फॅटच्या आधी वाचला जातो. आणि तो बघ तुझ्याच स्क्रीनशॉटमध्ये ०१४ आहे."

बरोबर होतं. स्क्रीनशॉटमध्ये वरच्या कोपऱ्यात ०१४ होतं, माझं तिकडे लक्ष गेलेलं पण उत्तर नव्हतं. दोघांनी मिळून दोन ओळींचा कोड चालवून बघितला. जावाचं Integer.parseInt प्रत्येक अक्षराला 'तू कोणता अंक' असं युनिकोडच्या हिशोबानं विचारतं, त्याला "०१४" म्हणजे चौदा हे कळतं. Double.parseDouble मात्र फक्त 0 ते 9 ओळखतं, ६ दिसला की थेट एक्सेप्शन. पूर्णांक पास, दशांश नापास. एकाच भाषेच्या एकाच लायब्ररीतली ही सख्खी भावंडं असं वेगळं वागतात हे त्यालाही नवीन होतं. मग त्यानं २.७ मधला बदल काढला :

```java
edtFat.setText(String.format("%.1f", entry.fat));
// जतन करताना
double fat = Double.parseDouble(edtFat.getText().toString());
```

काही मशीन फॅट दोन दशांशांत देतात, 6.47 असं. ते एका दशांशात दाखवायचं म्हणून २.७ मध्ये फक्त फॅटला String.format लावलं होतं. लिटर आणि एसएनएफ सरळ String.valueOf नं जात होते, ते नेहमीच 0 ते 9 देतं. String.format ला भाषा सांगितली नाही तर ते फोनची धरतं. लिहिणारा मराठीत लिहितो, वाचणारा इंग्रजीच वाचतो, आणि दोघं एकाच फाईलमध्ये वीस ओळींच्या अंतरावर.

दुसऱ्या दिवशी दुरुस्त बिल्ड आला. कृती तिन्ही केल्या, ॲप पडलं नाही. 'काय व्हायला हवं' याखालची ओळ काढून पुढे तपासलं तर जतन केलेल्या नोंदीत फॅट 0.0, रक्कम शून्य. घाईत त्यानं parseDouble भोवती ट्राय-कॅच गुंडाळलं होतं, आणि वाचता आलं नाही तर शून्य धरलं होतं. रिपोर्टमध्ये मी 'ॲप बंद पडू नये' एवढंच लिहिलं असतं, तर हा बिल्ड माझ्याच रिपोर्टप्रमाणे पास झाला असता. आधी निदान नोंद जुनी राहत होती. आता सभासदाचं दूध फुकट गेलं असतं, आणि तेही गुपचूप. बिलाच्या दिवशी संस्थेच्या दारात जो काही गोंधळ झाला असता तो ज्यांनी पाहिलाय त्यांना माहीत आहे. बिल्ड परत पाठवला, कारण म्हणून अपेक्षित निकालातला दराचा भाग जसाच्या तसा चिकटवला.

चौकटीत ६.५ दिसावं की 6.5, यावर आमच्यातच थोडा वाद झाला. मराठी फोनवर मराठी आकडे दिसणं यात चूक काय, असं एकाचं म्हणणं. मीही तत्त्वतः त्याच बाजूची. पण सचिवांना विचारल्याशिवाय अपेक्षित निकाल लिहायचा नाही म्हणून मी आण्णांना आधीच विचारून ठेवलं होतं.

"मशीनवर जसा आकडा दिसतोय तसाच फोनवर दिसू दे. दोनी शेजारी ठेवून बगतोय आमी. नजरंला नजर जुळाय पायजे."

मशीनच्या पडद्यावर 6.8 असतं. विषय संपला. पुढच्या बिल्डमध्ये String.format ला Locale.US सांगितलं, ट्राय-कॅच काढलं, आणि वाचता न आल्यास जतन न करता चौकट लाल होऊन थांबते, असं केलं. तिन्ही भाषांत, नेपाळी धरून चारही भाषांत तपासलं. बंद केलं.

पण डेव्हलपरनं तेवढ्यावर न थांबता अँड्रॉइडचा लिंट चालवला, हे त्याचं मानलं पाहिजे. लिंटमध्ये DefaultLocale नावाची तपासणी याच गोष्टीसाठी आहे : भाषा न सांगता केलेलं फॉरमॅट दाखवून देते. आमच्या प्रोजेक्टमध्ये इशारे फार येतात म्हणून ती कुणीतरी कधीतरी बंद केली होती. ती चालू केल्यावर बरीच ठिकाणं निघाली. बहुतेक नुसती दाखवण्याची, निरुपद्रवी. लिंटच्याच SimpleDateFormat नावाच्या दुसऱ्या तपासणीनं दाखवलेल्या तारखेच्या एका जागेवर मात्र मी थांबले. तिथे SimpleDateFormat लाही भाषा सांगितलेली नव्हती, आणि तयार झालेली तारीख मजकूर म्हणून डेटाबेसमध्ये जात होती. फोन मराठीत असेल तर "२०२५-०३-११", इंग्रजीत असेल तर "2025-03-11".

फोन कायम एकाच भाषेत असेल तोवर हे कुणाला कळत नाही. लिहिणं आणि शोधणं दोन्ही एकाच लिपीत होतं. पण डेटाबेस मजकुराची तुलना बाइटनं करतो, आणि देवनागरी अंक 0 ते 9 च्या कायम नंतर येतात. मध्येच भाषा बदलली तर एका लिपीतल्या नोंदी दुसऱ्या लिपीतल्या शोधात बसतच नाहीत. एमुलेटरवर करून बघितलं : फोन मराठीत ठेवून १ ते ५ तारखेच्या नोंदी, मग फोन इंग्रजीत करून ६ ते १० च्या, आणि दहा दिवसांचं बिल. बिलात फक्त ६ ते १०. क्रॅश नाही, लॉग नाही, लाल चौकट नाही. बेरीज आपली व्यवस्थित लागलेली.

आणि मग आठवलं की माझा पहिला निष्कर्ष 'फोन इंग्रजीत असेल तर पडत नाही' हा सपोर्टनं वाचला होता. मी तात्पुरता उपाय म्हणून चौकट पूर्ण पुसून लिहा असं दिलं होतं, पण फोनवर समजावायला 'भाषा इंग्रजी करा' सोपं. खाली जाऊन विचारलं, तर दोन-तीन संस्थांना तसं सांगूनही झालं होतं.

दुसरं तिकीट मी क्रॅशच्या वरच्या दर्जाचं टाकलं. कृतीमध्ये भाषा कोणत्या तारखेनंतर बदलली ते लिहिलं, आणि अपेक्षित निकालात दोन गोष्टी : नव्या नोंदी कायम 0 ते 9 मध्ये साठवाव्यात, आणि अपडेट बसताना जुन्या नोंदींमधल्या तारखांचे ० ते ९ एकदाच बदलून घ्यावेत. त्या संस्थांना भाषा परत मराठी करा म्हणूनही उपयोग नव्हता, मग इंग्रजीत केलेल्या नोंदी गळाल्या असत्या. सपोर्टच्या पोरानं एकेकाला फोन लावला : भाषा आहे तशीच राहू दे, आणि नवीन अपडेट आल्याशिवाय या वेळचं बिल काढू नका.